आतलं चाक जास्त, बाहेरचं कमी: छोट्या बॅटरी-गाडीसाठी ॲकरमन स्टिअरिंग, मापापासून चाचणीपर्यंत

पेठेतल्या बोळात रिक्षा वळते तेव्हा तिच्या पुढच्या चाकाला काहीच हिशेब करावा लागत नाही. पुढे चाक एकच. त्याच्या आसाची रेघ वाढवली आणि मागच्या आसाची रेघ वाढवली, तर त्या दोन रेघा कुठे ना कुठे एका बिंदूत छेदणारच. रिक्षा त्या बिंदूभोवती फिरते आणि तिन्ही चाकं घासल्याशिवाय गडगडतात.

पुढे दोन चाकं आली की गणित बदलतं. आता मागच्या आसाच्या रेघेवर दोन वेगवेगळ्या चाकांच्या रेघा येऊन मिळायच्या आहेत, आणि त्या एकाच बिंदूत मिळाल्या नाहीत तर प्रत्येक चाक गाडीला वेगळ्या वर्तुळात न्यायला बघतं. गाडी एक, तिचं वर्तुळही एकच, म्हणून निदान एका टायरला आडवं सरकावंच लागतं. हेच टायर घासणं.

सोसायटीत ओला कचरा, पाण्याचे जार, कार्यक्रमाच्या खुर्च्या वाहायला छोट्या चारचाकी बॅटरी-गाड्या बनवून घेतात. भोसरीकडच्या छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सांगाडा, मोटर, ब्रेक, सगळं नेटकं होतं. स्टिअरिंगचे आर्म, म्हणजे पुढच्या चाकांना वळवणारे आखूड दांडे, मात्र बऱ्याचदा सरळ मागे, एकमेकांना समांतर जोडलेले असतात. गाडी सरळ चालते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर वळली की किरकिर ऐकू येते, हँडल जड होतं आणि पुढचे टायर मागच्यांच्या आधी संपतात. हा लेख त्या एका गोष्टीबद्दल आहे: अशा गाडीचे आर्म नेमक्या कोणत्या कोनात ठेवायचे, ते कसं मोजायचं, आणि जमलं की नाही हे कसं ओळखायचं.

नियम काय आहे

वळताना आतलं चाक केंद्राच्या जवळ असतं, म्हणून त्याचं वर्तुळ लहान आणि त्याला जास्त वळावं लागतं. बाहेरच्याचं वर्तुळ मोठं, त्याला कमी वळणं पुरतं. दोन्ही रेघा मागच्या आसाच्या रेघेवर एकाच बिंदूत मिळण्याची अट अशी लिहितात:

```
cot(do) - cot(di) = w / L
```

इथे `di` म्हणजे आतल्या चाकाचा कोन, `do` म्हणजे बाहेरच्याचा. `L` म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर, ज्याला आपण व्हीलबेस म्हणतो. `w` म्हणजे दोन किंगपिनच्या मध्यांतलं अंतर. `w` साठी टायरपासून टायरपर्यंतचं माप घेऊ नका. चाक वळतं ते किंगपिनभोवती, म्हणून त्रिकोण किंगपिनपासून सुरू होतो. चाक ज्या आखूड आसावर बसतं त्या स्टब एक्सलमुळे टायर किंगपिनच्या बाहेर पाच-सहा सेंटीमीटर असतो, आणि दोन्ही बाजूंचं मिळून ते दहा-बारा सेंटीमीटर होतं. एवढ्या फरकाने उत्तर जवळपास एक अंश चुकतं.

ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. म्युनिकचा बग्गी बनवणारा गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने घोडागाडीसाठी ती काढली आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ ॲकरमनने १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. म्हणून नाव ॲकरमनचं राहिलं. त्याआधी घोडागाडीचा अख्खा पुढचा आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरायचा, त्याला जागाही भरपूर लागायची आणि तीव्र वळणावर गाडी कलंडायची भीती असायची.

आपली गाडी आणि तिची मापं

उदाहरणासाठी एक गाडी धरू. व्हीलबेस १५०० मिमी, किंगपिन ते किंगपिन १००० मिमी, टायरचा व्यास ४०० मिमी. सस्पेन्शन नाही, किंगपिन उभे. वेग माणसाच्या भरभर चालण्यापेक्षा थोडा जास्त. दोन आर्मना जोडणारा टाय रॉड पुढच्या आसाच्या मागे बसवायचा आहे, कारण पुढे पाय ठेवायची जागा आहे.

सुरुवात पूर्ण वळणावर आतलं चाक किती वळणार हे ठरवण्यापासून करा. हा आकडा हवेत ठरवू नका. टायर लावून, हवा भरून, चाक हाताने वळवत न्या आणि सांगाड्याला, ब्रेकच्या पाइपला किंवा पायाच्या पत्र्याला टायर कुठे लागतो ते बघा. लागायच्या आधी निदान पंधरा-वीस मिमी मोकळी जागा सोडून जो कोन मिळेल तो तुमचा. आपल्या गाडीत तो ३५ अंश धरू.

आता सूत्रात घाला. `w / L` म्हणजे १००० भागिले १५००, ०.६६७. ३५ अंशांचा कोटँजंट १.४२८. बेरीज २.०९५, आणि तेवढा कोटँजंट असलेला कोन २५.५ अंश. म्हणजे आतलं चाक ३५ अंशांवर असताना बाहेरचं २५.५ वर हवं.

समांतर आर्म असलेल्या गाडीत बाहेरचं चाकही ३५ वरच जातं. साडेनऊ अंशांचा फरक. कागदावर तो किरकोळ दिसतो, जमिनीवर नाही. चाक आपल्या खऱ्या दिशेपासून साडेनऊ अंश तिरकं असेल तर एक मीटर पुढे जाताना ते सुमारे सोळा सेंटीमीटर आडवं सरकतं. या गाडीला गेटपाशी काटकोनात वळायला बाहेरच्या चाकाचा साडेपाच मीटरचा मार्ग लागतो. त्या एका वळणात पुढच्या दोन टायरांना मिळून सुमारे नव्वद सेंटीमीटर आडवं घासत जावं लागतं. जार भरलेले असले की मोटरची किती ताकद फरशीवर खर्च होत असेल याचा अंदाज यावरून येतो.

वळणाचं वर्तुळही याच वेळी काढून ठेवा, कारण सोसायटीवाले पहिला प्रश्न तोच विचारतात. बाहेरच्या किंगपिनचं केंद्रापासूनचं अंतर म्हणजे १५०० भागिले साइन २५.५, साधारण ३४८० मिमी. त्यात स्टबचे साठ मिमी मिळवा. म्हणजे बाहेरच्या चाकाचं वर्तुळ सात मीटरच्या थोडंसं वर. सांगाड्याचा कोपरा त्याहून बाहेर जातो, तो वेगळा मोजा.

आर्मचा कोन

सूत्र सांगतं कोन किती हवेत. ते कोन प्रत्यक्ष देणार कोण? तर दोन आर्म, एक टाय रॉड आणि पुढचा आस मिळून होणारा चौकोन. आर्म समांतर न ठेवता मागच्या बाजूला आत झुकवले की तो समलंब होतो, आणि वळवताना आतला आर्म जास्त फिरतो, बाहेरचा कमी.

वर्कशॉपमध्ये सर्वत्र माहीत असलेला नियम असा: किंगपिनच्या मध्यातून आर्मच्या भोकातून एक दोरी ताणा, ती मागच्या आसाच्या बरोबर मध्यावर गेली पाहिजे. आपल्या गाडीत त्याचा कोन निघतो १८.४ अंश. आर्म १२० मिमी लांब घेतला तर त्याचं भोक किंगपिनपासून ११४ मिमी मागे आणि ३८ मिमी आत येतं. टाय रॉडची लांबी, भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत, ९२४ मिमी.

हा नियम चांगला आहे, पण तो सुरुवात करून देण्यापुरता. समलंब चौकोन सूत्र तंतोतंत पाळू शकत नाही. तो एका ठिकाणी अचूक बसवता येतो, बाकी ठिकाणी जवळपास राहतो. दोरीच्या नियमाने बनवलेल्या आर्मने ३५ अंशांवर बाहेरचं चाक २७.७ वर जातं, म्हणजे हव्या त्या कोनापेक्षा दोन अंशांहून जास्त. समांतर आर्मपेक्षा कितीतरी बरं, तरी पूर्ण वळणावर किरकिर थोडी राहते. आणि सोसायटीची गाडी पूर्ण वळणावरच जास्त वेळ असते. कचऱ्याच्या खोलीपाशी, लिफ्टच्या दारापाशी, दोन मोटारींच्या मधून.

म्हणून आर्म अजून थोडे आत झुकवायचे. किती, ते डोळ्यांनी ठरत नाही. खालची छोटी स्क्रिप्ट लॅपटॉपवर चालवा. ती चौकोनाच्या भूमितीवरून बाहेरच्या चाकाचा खरा कोन शोधते आणि सूत्रातल्या कोनाच्या शेजारी छापते.

```python
from math import *

w, L, r = 1000, 1500, 120
beta = radians(24)
T = w - 2*r*sin(beta)

def outer(di):
    lo, hi = 0, di
    for _ in range(60):
        do = (lo + hi) / 2
        dx = w - r*(sin(beta + di) + sin(beta - do))
        dy = r*(cos(beta - do) - cos(beta + di))
        if hypot(dx, dy) < T:
            lo = do
        else:
            hi = do
    return do

print("T =", round(T, 1))
for d in (10, 20, 30, 35):
    di = radians(d)
    ideal = atan(1 / (1/tan(di) + w/L))
    print(d, round(degrees(ideal), 1), round(degrees(outer(di)), 1))
```

`beta` हा आर्मचा कोन, `r` आर्मची लांबी, `T` टाय रॉडची लांबी. `beta` बदलत जा आणि शेवटचे दोन रकाने किती जवळ येतात ते बघा. आपल्या गाडीसाठी निकाल असा येतो:

| आतलं चाक | सूत्राप्रमाणे बाहेरचं | १८.४ अंशांचा आर्म | २४ अंशांचा आर्म |
|---|---|---|---|
| १० | ९.० | ९.४ | ९.२ |
| २० | १६.३ | १७.६ | १६.९ |
| ३५ | २५.५ | २७.७ | २५.६ |

२४ अंशांवर पूर्ण वळणात चूक जवळजवळ शून्य होते आणि मधल्या टप्प्यात अर्ध्या अंशाच्या आसपास राहते. अर्धा अंश म्हणजे मीटरमागे एक सेंटीमीटरपेक्षा कमी सरकणं, आणि तेवढं टायरचं रबर लवचिकपणे सामावून घेतं. त्याहून अचूक मिळवण्यासाठी झगडू नये, या गाडीत त्याचा काही उपयोग नाही.

२४ अंशांच्या आर्मची मापं: भोक ११० मिमी मागे, ४९ मिमी आत. टाय रॉड ९०२ मिमी. दोरी ताणली तर ती आता मागच्या आसापर्यंत पोचायच्या आधीच, पुढच्या आसापासून सुमारे ११२० मिमीवर मध्यरेषा छेदते. म्हणजे व्हीलबेसच्या तीन चतुर्थांशावर. हे बघून मिस्त्री हमखास विचारतात, "दादा, दोरी मागच्या एक्सलवर जात नाही, चुकलं की काय?" त्यांना वरचा तक्ता दाखवा. आणि हेही सांगा, की तीन चतुर्थांश हा या गाडीचा आकडा आहे. व्हीलबेस, रुंदी किंवा पूर्ण वळणाचा कोन बदलला की तो परत काढायचा.

जास्त झुकवलं तर काय

आर्म जितके आत झुकवू तितकी आणखी एक गोष्ट जवळ येते. पूर्ण वळणावर आतला आर्म आणि टाय रॉड एका रेषेत यायला लागतात. ते खरंच एका रेषेत आले, तर टाय रॉड कितीही ओढला तरी आर्म परत फिरत नाही. चाक तिथेच अडकतं, किंवा पलीकडे उलटून जातं. वळणात असं झालं तर गाडी सरळच होत नाही, आणि समोर भिंत असते.

आपल्या गाडीत २४ अंशांचा आर्म आणि ३५ अंशांचं वळण, या स्थितीत आर्मची रेघ आणि टाय रॉड यांच्यात सुमारे २७ अंश उरतात. हे चालतं. हीच गाडी कोणी "अजून थोडं वळायला हवं" म्हणून ४५ अंशांपर्यंत सोडली, तर १६-१७ अंशच उरतात. जोड थोडे झिजले की ते आणखी कमी होतात. मी पंचवीसच्या खाली जाऊ देत नाही. म्हणून स्टॉपर हवाच, आणि तो स्टब एक्सलवर हवा. स्टिअरिंगच्या कॉलमवर लावलेला स्टॉपर मधले जोड ढिले झाले की चाकाला अडवू शकत नाही. पुढच्या आसाच्या बीमवर वेल्ड केलेला बोल्ट आणि लॉकनट पुरतो, कारण तो दोन्ही बाजूंनी बारकाईने जमवता येतो.

जास्त तीव्र वळण हवंच असेल तर व्हीलबेस कमी करा. आर्मकडून ते मागू नका.

बनवताना

दोन्ही आर्म एकत्र, एकाच जिगवर बनवा. पत्र्यावर मध्यरेषा, दोन किंगपिनचे मध्य आणि दोन भोकांचे मध्य आखून, पंच मारून, त्यावर पिना उभ्या करा. मग आर्म आणि स्टब एक्सल त्या पिनांत बसवून टॅक मारा. दोन बाजू वेगवेगळ्या वेळी, नुसत्या कोनमापकाने जमवल्या की डावं-उजवं सारखं येत नाही. १२० मिमीच्या आर्मवर भोक तीन मिमी बाजूला गेलं तर आर्मचा कोन जवळपास दीड अंश बदलतो, आणि पूर्ण वळणावर बाहेरचं चाक साधारण अर्धा अंश. हे सहन होण्यासारखं आहे. पण वेल्डच्या उष्णतेने आर्म खेचला जातो, म्हणून जिगमधून लगेच काढू नका. थंड होऊ द्या आणि भोकाचं माप परत घ्या.

स्टिअरिंगचं वेल्डिंग नवशिक्याच्या हाती देऊ नये. आर्म तुटला तर एक चाक मोकळं होतं आणि दुसऱ्याने गाडी आवरत नाही. दहा मिमी जाडीचा एमएस पत्रा, आर्मच्या मुळाशी त्रिकोणी आधारपट्टी, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंनी भरलेलं वेल्ड, एवढं या वजनाच्या गाडीला ठीक आहे. टाय रॉडच्या टोकाचा फिरता जोड म्हणजे रॉड एंड, त्याचा बोल्ट एका पत्र्यातून लटकता न ठेवता दोन कानांच्या मध्ये धरला तर फार बरं.

रॉड एंड नाना पेठेत सहज मिळतात. एक उजव्या आट्यांचा आणि एक डाव्या आट्यांचा घ्या, दोन्हींना लॉकनट घ्या. मग टाय रॉड जागेवरून न काढता, नुसता पाइप फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. एम१२ च्या आट्यांवर पाइपचा एक पूर्ण फेरा म्हणजे साडेतीन मिमी.

बसवताना सगळ्यात घातक गफलत म्हणजे डावा स्टब उजवीकडे आणि उजवा डावीकडे. असं झालं की आर्म मागे न जाता पुढे येतात, आणि टाय रॉडही मग पुढे बसतो. आत झुकलेले आर्म आसाच्या पुढे आले की परिणाम बरोबर उलटा होतो: बाहेरचं चाक जास्त वळतं, आतलं कमी. टाय रॉड पुढेच हवा असेल तर आर्म बाहेरच्या बाजूला उघडे ठेवावे लागतात, आणि तिथे ते बहुधा रिमला किंवा ब्रेकच्या ड्रमला लागतात. जागा असेल तर टाय रॉड मागेच बरा.

आधी टो, मग कोन

मोजायच्या आधी चाकं सरळ, एकमेकांना समांतर जमवली पाहिजेत, यालाच टो जमवणं म्हणतात. हा क्रम मोडू नका. आपल्या गाडीत टाय रॉड एक मिमी लांब किंवा आखूड झाला तर दोन चाकांमधला कोन अर्ध्या अंशाने बदलतो. म्हणजे पाइपचा एक फेरा चुकला की जवळपास दोन अंशांचा फरक. आर्मचं भोक तीन मिमी चुकल्याने जेवढं बिघडतं त्याच्या कितीतरी पट. टो न जमवता कोन मोजले तर दोष टाय रॉडचा असतो आणि माणूस कापायला घेतो आर्म.

स्टिअरिंग मध्यावर बांधून टाका. दोन्ही टायरांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर, आसाच्या उंचीवर, टेपने मोजा. पुढचं अंतर मागच्याइतकंच किंवा एक-दोन मिमी कमी असावं. टाय रॉड आसाच्या मागे असल्याने तो लांब केला की चाकांची पुढची तोंडं आत येतात, आखूड केला की बाहेर जातात. जमलं की लॉकनट घट्ट करा आणि परत मोजा, कारण नट आवळताना पाइप थोडा फिरतो.

आता कोन. यासाठी अलाइनमेंटच्या दुकानातल्या टर्न प्लेटची गरज नाही. प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन गुळगुळीत पत्रे ठेवा आणि त्यांच्या मध्ये ग्रीस लावा. पत्रे नसतील तर टायर जमिनीला धरून ठेवतो, जोड ताणलेले राहतात आणि माप खोटं येतं. मागच्या चाकांखालीही तेवढ्याच जाडीचे पत्रे ठेवा, म्हणजे गाडी पुढे उचललेली राहणार नाही.

गाडीच्या दोन्ही बाजूंना, मध्यरेषेला समांतर, एकेक दोरी ताणा. प्रत्येक रिमला ६०० मिमी लांबीची सरळ पट्टी आडवी, क्लॅम्पने पक्की करा. पट्टीच्या दोन्ही टोकांवरून ओळंबे सोडा आणि जमिनीवर खुणा करा. चाक सरळ असताना दोन्ही खुणा दोरीपासून सारख्या अंतरावर येतात. चाक वळलं की एक खूण जवळ, दुसरी लांब. या दोन अंतरांचा फरक भागिले ६०० म्हणजे कोनाचा साइन. चाक वळताना पट्टी जागेवरून सरकते त्याची चिंता नको, आपण फक्त फरक घेतो.

आपल्या गाडीसाठी आकडे असे. पूर्ण वळणावर आतल्या पट्टीचा फरक ३४४ मिमी आला पाहिजे, बाहेरच्याचा २५९ च्या आसपास. आतलं २० अंशांवर ठेवलं, म्हणजे फरक २०५ मिमी, तर बाहेरचं १७४ च्या आसपास. इथे एक अंश म्हणजे नऊ-दहा मिमी, त्यामुळे साधा टेपही अर्ध्या अंशापर्यंत नीट सांगतो. हीच मापं डावीकडे वळवून घ्या आणि उजवीकडे वळवूनही घ्या.

आता आकडे काय सांगतात ते वाचायचं. दोन्ही बाजूंना वळवताना बाहेरचं चाक सारख्याच प्रमाणात जास्त वळत असेल, तर आर्म कमी झुकलेले आहेत. दोन्ही बाजूंना कमी वळत असेल, तर जास्त झुकलेले. एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला चूक असेल, तर डावा-उजवा आर्म सारखा नाही किंवा एखादा वाकला आहे. कोनांचं नातं दोन्हीकडे ठीक, पण एका बाजूला ३५ आणि दुसऱ्या बाजूला ३० च अंश मिळतात, असं असेल तर आर्मला हात लावू नका. तो दोष स्टिअरिंगच्या कॉलमकडून एका चाकाला जाणाऱ्या ड्रॅग लिंकच्या लांबीचा आहे. तिची लांबी जमवा.

रांगोळीची चाचणी

मापं जुळली की गाडी जमिनीवर चालवून बघा. गुळगुळीत, कोरड्या फरशीवर वळणाच्या वाटेवर रांगोळीचा पातळ थर पसरा. चाळणीने पसरलात तर एकसारखा बसतो. पूर्ण वळणावर, चालण्याच्या वेगाने, गाडी त्यावरून न्या आणि पुढच्या चाकांचे ठसे बघा. टायरची नक्षी स्पष्ट, कडा तीक्ष्ण उमटली तर चाक गडगडलं. नक्षी एका बाजूला फरफटलेली, रांगोळी कडेला ढकलून बांध झालेला दिसला तर ते आडवं सरकलं. ढीग ज्या बाजूला, त्या बाजूला टायर सरकत होता.

हीच चाचणी सरळ रेषेतही करा. सरळ जाताना ठसा फरफटत असेल तर दोष टोचा आहे. सरळ स्वच्छ आणि वळताना फरफट, तर आर्मचा. टायर बरेच दिवस चाललेले असतील तर त्यांच्यावरही हे वाचता येतं. हात टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर आडवा सरकत आलेला आहे. टायरची एकच कड झिजली आणि पृष्ठ गुळगुळीत असेल तर चाक उभं नाही, कलतं आहे, त्याचा या भूमितीशी संबंध नाही.

चाचणी भरलेल्या गाडीने परत करा. रिकाम्या गाडीत जे जोड घट्ट वाटतात ते दोनशे किलो चढले की हलतात. किंगपिनच्या बुशात खेळ असेल तर कितीही बारकाईने काढलेला आर्मचा कोन हातातून जातो.

हे सगळं बरोबर असूनही घासलं तर

मग मागे बघा. स्वस्तात काम करायचं म्हणून मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड आस आणि एकच चेन दिलेली असते. आपल्या गाडीत पूर्ण वळणावर मागच्या आसाचा मध्य केंद्रापासून सुमारे २६४० मिमीवर असतो. मागची चाकं एकमेकांपासून ११०० मिमी असतील, तर आतलं २०९० मिमीच्या वर्तुळात आणि बाहेरचं ३१९० मिमीच्या. बाहेरच्या चाकाला आतल्याच्या दीडपट अंतर कापायचं आहे, आणि अखंड आस त्यांना सारखेच फेरे देतो. पुढची भूमिती कितीही अचूक असो, मागचे टायर घासणार. शिवाय ते गाडीला सरळ ढकलतात, म्हणून हँडलही जड लागतं आणि दोष पुढच्या चाकांवर येतो. याला उपाय डिफरन्शियल असलेला आस, जो ई-रिक्षाच्या सुट्या भागांत मिळतो, किंवा एकाच मागच्या चाकाला ताकद देऊन दुसरं मोकळं सोडणं. दुसरा उपाय सपाट आवारात चालतो, चढ असलेल्या पार्किंगमध्ये मोकळं चाक पकड देत नाही.

आणि वेगाचं. हा सारा हिशेब टायर ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला जातो असं धरून केलेला आहे. हळू चालणाऱ्या गाडीत ते खरं असतं. वेग वाढला की वळताना टायर दाबला जाऊन आपल्या तोंडापेक्षा थोडा बाहेर सरकतच जातो, बाहेरच्या टायरवर भार जास्त येतो, आणि फिरण्याचं केंद्र मागच्या आसाच्या रेघेवरून पुढे सरकतं. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत पूर्ण ॲकरमन क्वचितच ठेवतात, काहींत तर मुद्दाम उलटं ठेवतात. आवारातल्या गाडीला त्यातलं काही लागू नाही. हीच गाडी पुढे नंबर लावून रस्त्यावर न्यायची असेल तर मात्र घरच्या मापांवर भागत नाही, अधिकृत संस्थेची चाचणी आणि मंजुरी लागते. पुण्यात ते काम कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयमध्ये होतं.

चालू गाडीची देखभाल थोडी आहे. महिन्यातून एकदा पुढची चाकं उचला आणि टायर डावी-उजवीकडे हलवून रॉड एंड आणि किंगपिनचा खेळ बघा. किंगपिनच्या निपलमध्ये ग्रीस भरा. लॉकनटवर आणि पाइपवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की पाइप फिरला आहे असं समजा आणि टो परत मोजा. गाडी फुटपाथच्या कडेवर जोरात आदळली असेल तर महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी दोन्हीकडच्या पट्ट्या लावून ३४४ आणि २५९ येतात का ते तपासा.